अरबी समुद्र ३१ अंशांवर, म्हणजे वादळ येणारच का?

श्रीवर्धनची_सुपारी | सोमवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी. राहायला कोथरूडला आहे, जीव मात्र श्रीवर्धनच्या वाडीत अडकलेला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची निम्म्याहून जास्त सुपारी एका दुपारात आडवी झाली. आजोबांनी लावलेली झाडं होती. त्यानंतर लावलेली रोपं आता कुठे धरायला लागली आहेत.

काल चुलतभावाने एक फॉरवर्ड पाठवला. नकाशात अरबी समुद्र लालभडक, आणि खाली मजकूर: "समुद्र ३१ अंशांवर! २६.५ अंशांना चक्रीवादळ तयार होतं! कोकणाला मोठा धोका!" भाऊ विचारतोय, पंपघराचे पत्रे बदलायचं काम काढलंय ते पुढे ढकलू का?

मी थोडं शोधलं तर कळलं की आपल्या बाजूचा समुद्र दर मे महिन्यात २९-३० च्या आसपास असतोच. मग २६.५ पुरत असेल तर दर मे महिन्यात एक वादळ यायला हवं. तसं होत नाही. मग हा आकडा नक्की सांगतो काय?

तर्कशुद्ध | सोमवार, सकाळी ९.४०

सोपं आहे. गरम पाणी हे वादळाचं इंधन. २६.५ च्या वर गेलं की बटण दाबल्यासारखं चालू होतं आणि जितकं गरम तितकं वादळ मोठं. तापमानवाढीमुळे पुढे दर वर्षी येणार आहेत. पत्रे आत्ता बदलू नका.

चहाटळ | सोमवार, सकाळी ९.५१

या हिशेबाने आमच्या आंघोळीच्या बादलीत रोज वादळ व्हायला हवं. होतंही, पण ते दाराबाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या चिरंजीवांचं असतं.

गच्चीवरचा_माळी | सोमवार, सकाळी १०.२६

पुण्यातही ४१ चाललंय. माझ्या गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, झाडांना घालता येत नाही. पुणे एवढं तापल्यामुळे समुद्र तापतो असं म्हणायचंय का? की उलट?

श्रीवर्धनची_सुपारी | सोमवार, सकाळी १०.३३

@गच्चीवरचा_माळी, नाही हो काका, पुण्याच्या उन्हाचा प्रश्न नाही. समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि वादळ, एवढंच.

मीठपाणी | सोमवार, दुपारी १२.०५

बरीच वर्षं समुद्राच्या तापमानाच्या नोंदी तपासण्यातच नोकरी गेली, म्हणून लिहिते. आता निवृत्त आहे, पाषाणला राहते.

तर्कशुद्ध, इंधन हा शब्द बरोबर आहे, बटण चूक. गरम पाण्याने हवा तापते आणि ती वर जाते, एवढ्यावर वादळ चालत नाही. खरं काम बाष्प करतं. पाणी जितकं ऊबदार तितकं त्याच्यावरच्या हवेत जास्त बाष्प मावतं, अंशामागे साधारण ६-७ टक्के. हे बाष्प वर जाऊन ढगात पाणी होतं तेव्हा त्यात दडलेली उष्णता तिथे, वर, मोकळी होते. त्या उष्णतेने मधला हवेचा खांब हलका होतो, खाली दाब उतरतो, दाब उतरला की चारी बाजूंनी वारा आत धावतो, आणि तो वारा समुद्रावरून आणखी बाष्प उचलून आणतो. हे चक्र बंद पडू नये एवढा पुरवठा खालून होत राहिला पाहिजे. निसर्ग जमिनीवर चढल्यावर काही तासांत ढेपाळलं, कारण खालचा पुरवठाच तुटला.

आता २६.५ कुठून आला? कोणी समीकरण सोडवून काढलेला नाही. १९४८ मध्ये एरिक पाल्मेन यांनी दाखवून दिलं की उष्ण कटिबंधातली वादळं जवळपास सगळी २६-२७ अंशांच्या वरच्या पाण्यावरच जन्मतात. म्हणजे हा निरीक्षणातून आलेला उंबरठा. उंबरठ्याशिवाय घरात शिरता येत नाही, पण उंबरठा आहे म्हणून पाहुणा येतोच असं नाही. मे महिन्यात आपला अख्खा समुद्र उंबरठ्याच्या वर असतो, म्हणून तेव्हा हा आकडा आपल्याला जवळजवळ काहीच नवीन सांगत नाही.

तर्कशुद्ध | सोमवार, दुपारी १२.३१

ठीक, बटण मागे घेतो. पण ३१ हे २९ पेक्षा जास्त धोक्याचं, एवढं तरी मान्य कराल ना?

मीठपाणी | सोमवार, दुपारी १.१५

नेहमी नाही. आणि इथे चहाटळांची बादली कामाला येते.

बंबाचं कढत पाणी बादलीत हळूच वरून सोडलं की वरचा थर पोळतो आणि तळ गारच राहतो. हात फिरवला की सगळं कोमट. वादळ समुद्रात नेमकं हेच करतं, हात घालून ढवळतं. म्हणून वरचं पाणी किती गरम, याच्या जोडीला ते गरम पाणी किती खोल, हे विचारावंच लागतं.

दोन कल्पित जागा घेऊ. पहिल्या जागी पृष्ठभाग २९ अंश, आणि तेच २९ थेट ५० मीटरपर्यंत. दुसऱ्या जागी पृष्ठभाग ३१, पण फक्त १५ मीटर, त्याच्या खाली सरासरी २५. नकाशात दुसरी जागा लालभडक दिसेल, पहिली नुसती नारिंगी.

आता वादळ येऊन वरचं ४० मीटर पाणी ढवळतं असं धरा. पहिल्या जागी काहीच बदलत नाही, २९ चे २९. दुसऱ्या जागी १५ मीटर ३१ चं आणि २५ मीटर २५ चं एकत्र झालं. सरासरी काढा, २७ च्या थोडं वर येते. म्हणजे वादळाने पहिला घास घेतला आणि ताट जवळजवळ चार अंशांनी गार झालं. उंबरठ्याच्या वरच आहे अजून, पण जेमतेम.

यासाठीच हवामान खात्याच्या चक्रीवादळाच्या बुलेटिनमध्ये पृष्ठभागाच्या तापमानाशेजारी दुसरा आकडा असतो, समुद्रातल्या उष्णतेच्या साठ्याचा. २६ अंशांच्या वर जेवढं तापमान आहे ते खोलीसकट मोजतात. घरगुती हिशेब असा: २६ च्या वरचे अंश गुणिले मीटर गुणिले ०.४१, उत्तर किलोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. पहिल्या जागी ३ गुणिले ५० गुणिले ०.४१, साधारण ६१. दुसऱ्या जागी ५ गुणिले १५ गुणिले ०.४१, साधारण ३१. जास्त लाल जागेत निम्माच साठा. ५०-६० च्या वर साठा असेल तर वादळाला जोर धरायला अनुकूल असं ढोबळमानाने धरतात.

चहाटळ | सोमवार, दुपारी १.२२

माझी बादली शास्त्रात गेली. आता आंघोळीला तपेली.

दर्यावर्दी_निवृत्त | सोमवार, सायंकाळी ६.४८

वाचून जुने दिवस आठवले. मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली. हे "समुद्राचं तापमान" आम्ही अक्षरशः बादलीनेच घ्यायचो, त्यामुळे चहाटळराव, तुमची बादली आधीपासूनच शास्त्रात आहे.

रबराची लांबोडकी बादली, दोरीला बांधलेली, आत थर्मामीटर. जहाजातून जिथे पाणी बाहेर पडतं त्याच्या पुढच्या अंगाला उभं राहून सोडायची, नाहीतर इंजिनाचं गरम पाणीच मोजलं जाणार. मिनिटभर पाण्यात ओढू द्यायची, वर घेतली की सावलीत धरून लगेच वाचायचं. वाऱ्यात दोन मिनिटं गप्पा मारल्यात तर बाष्पीभवनाने आकडा उतरतो. जुन्या काळी कॅनव्हासची बादली असायची, ती माठासारखी पाझरायची, ती तर आणखी गार दाखवायची.

दुसरी पद्धत म्हणजे इंजिनरूममध्ये समुद्राचं पाणी आत घेतात त्या पाइपवरचा डायल. ते पाणी पृष्ठभागाखाली पाच-दहा मीटरचं, आणि वर इंजिनरूमची ऊब. एकाच क्षणी बादली आणि डायल यांत अर्ध्या अंशाचा फरक मी स्वतः लॉगबुकात लिहिलेला आहे. थर्ड इंजिनिअर म्हणायचा माझं खरं, मी म्हणायचो माझं.

मीठपाणी, मग खरं कोणाचं?

मीठपाणी | सोमवार, रात्री ८.१०

दोघांचंही, फक्त दोघं वेगवेगळं पाणी मोजत होतात. जुन्या नोंदी जोडताना बादलीवाल्या आणि डायलवाल्या नोंदी वेगळ्या काढून सुधारणा करावी लागते. तशाच मिसळल्या तर समुद्र नसताना गरम झाल्यासारखा दिसतो, फक्त जहाजांनी पद्धत बदलली म्हणून.

प्रज्ञा_गणेशखिंड | सोमवार, रात्री ९.३७

मी विद्यापीठात एमएस्सी करतेय, माझा प्रोजेक्ट याच डेटावर आहे, म्हणून थोडी भर.

दर्यावर्दी काकांची गंमत उपग्रहांतही आहे. इन्फ्रारेड उपग्रह पाण्याची नुसती साय बघतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. आणि ढग आला की तो आंधळा. मायक्रोवेव्हवाला ढगातून बघतो, पण त्याची नजर जाड आहे, २५ ते ५० किलोमीटरचा ठिपका एक धरतो, जोराच्या पावसात गोंधळतो आणि किनाऱ्याजवळ जमीन मिसळल्यामुळे त्याचा आकडा टाकून द्यावा लागतो. म्हणजे श्रीवर्धनच्या अगदी समोरच्या पट्ट्यात तो जवळजवळ निरुपयोगी.

आता वादळ म्हणजेच ढग. जिथे आकडा सगळ्यात जास्त हवा तिथेच दिसत नाही. रोजचा जो गुळगुळीत नकाशा आपण पाहतो त्यात या भोकांत आजूबाजूचे आणि आदल्या दिवसांचे आकडे भरलेले असतात. मी सुरुवातीला एका वादळाच्या खालचं पाणी अजिबात थंड झालेलं नाही असा निष्कर्ष काढून खूश झाले होते. सरांनी विचारलं, "त्या चौकोनात त्या दिवशी खरी निरीक्षणं किती आहेत?" एकही नव्हतं. नकाशा मला तीन दिवसांपूर्वीचा समुद्र दाखवत होता. ढग सरल्यावर पाहिलं तर वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला गार पट्टा ठसठशीत होता.

शंकासुर | सोमवार, रात्री १०.०२

उजव्याच बाजूला का? कुठली उजवी?

प्रज्ञा_गणेशखिंड | सोमवार, रात्री १०.१९

वादळाच्या पाठीवर बसून ते जातंय तिकडे तोंड केलं की आपली उजवी. उत्तर गोलार्धात त्या बाजूला वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो, शिवाय वारा ज्या दिशेने वळत जातो त्याच दिशेने पृष्ठभागाचं पाणीही वळतं, त्यामुळे ढवळणं जास्त जोरात होतं.

हर्णैचा_नातू | मंगळवार, सकाळी ७.५५

तुम्ही सगळे उपग्रह आणि बादल्या करताय, समुद्रात बोया ठेवलेत त्यांचं काय? ते तर पाण्यातच असतात. थेट आकडा मिळायला हवा.

मीठपाणी | मंगळवार, सकाळी ९.२०

मिळतो, आणि सोन्यासारखा असतो. नांगरलेले बोये आहेत, चेन्नईची समुद्र तंत्रज्ञान संस्था ते सांभाळते, त्यांच्या दोरावर खाली वेगवेगळ्या खोलीवर सेन्सर असतात. शिवाय आर्गो नावाचे तरते नळकांडे आहेत. ते २००० मीटर खोल जाऊन दर दहा दिवसांनी वर येतात आणि येताना अख्ख्या खोलीचं तापमान आणि खारटपणा मोजून आणतात. उष्णतेच्या साठ्याचा हिशेब पडताळायला हेच लागतात. हैदराबादच्या इन्कॉइसच्या संकेतस्थळावर दिसतात.

अडचण संख्येची आहे. अरबी समुद्र केवढा, बोये किती! वादळ नेमकं बोयावरून जाईल असं होत नाही. आर्गो दहा दिवसांनी वर येणार, आणि तुमचं निसर्ग १ जूनला डिप्रेशन झालं आणि ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर होतं.

हर्णैचा_नातू | मंगळवार, सकाळी ९.४४

बोयाखाली मासळी जमते हे आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील. होड्या बांधतात त्याला. कधीकधी सोलर प्लेटही गायब होते. मी समर्थन करत नाहीये, पण जाळं टाकायला तीस मैल गेलेला माणूस मासळी दिसल्यावर थर्मामीटरचा विचार करत नाही.

मीठपाणी | मंगळवार, सकाळी ९.५८

ठाऊक आहे. एखाद्या बोयाचा आकडा अचानक सपाट रेषेसारखा यायला लागला की आम्ही आधी सेन्सर पाहायचो आणि मग तारीख: मासेमारीचा हंगाम चालू आहे का.

तर्कशुद्ध | मंगळवार, सकाळी ११.०३

सगळं मान्य. पण मोठं चित्र विसरू नका. पुण्यातल्याच आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या शोधनिबंधात आहे: अरबी समुद्रात २००१ ते २०१९ मध्ये त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला, वादळं वाढली. आणखी काय पुरावा हवा?

जुना_पर्जन्यमापक | मंगळवार, दुपारी १२.४०

त्याच शोधनिबंधात बंगालच्या उपसागरात वादळं ८ टक्क्यांनी कमी झाल्याचंही आहे, ते वाक्य गाळलंत. उपसागर काही गार झालेला नाही. म्हणजे नुसत्या तापमानाने गणित सुटत नाही, निदान सरळ रेषेत तरी नाही.

आणि अरबी समुद्रात वर्षाला एखाद-दुसरं वादळ. एवढ्या लहान संख्येत टक्के चटकन फुगतात.

तर्कशुद्ध | मंगळवार, दुपारी १२.५८

संख्या लहान म्हणून कल खोटा ठरत नाही. आणि तोच निबंध तीव्रता आणि कालावधी वाढल्याचंही म्हणतो.

जुना_पर्जन्यमापक | मंगळवार, दुपारी १.०६

खोटा म्हटलंच नाही. श्रीवर्धनच्या पत्र्यांचा निर्णय त्यावर करू नका, एवढंच म्हणतो.

मीठपाणी | मंगळवार, दुपारी ३.३०

तुम्हा दोघांचं भांडण आमच्या सेमिनार हॉलमध्येही वर्षानुवर्षं चाललंय, इथे मिटणार नाही. तापलेल्या समुद्रात वादळ झालंच तर ते वेगाने जोर धरू शकतं, यावर बराच एकमताचा सूर आहे. संख्या किती बदलेल यावर नाही.

उपसागराचं एक मात्र सांगते, कारण ते खोलीच्या मुद्द्याशी जोडलेलं आहे. तिथे गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी यांचं गोडं पाणी हलकं असल्यामुळे वर तरंगतं. पावसाळ्यानंतर तर त्याचं झाकणच बसतं. वादळाने कितीही ढवळलं तरी खालचं गार पाणी त्या झाकणातून सहज वर येत नाही, म्हणून तिथे ताट लवकर गार होत नाही. आपल्याकडे एवढ्या मोठ्या नद्या नाहीत, त्यामुळे अरबी समुद्रात बहुतेक ठिकाणी हे झाकण नाही आणि वादळ रेंगाळलं तर स्वतःच्या पायाखालचं पाणी स्वतःच गार करतं. निसर्ग रेंगाळलं नाही. किनारा जवळ, वाट छोटी, पुढचं पाणी न ढवळलेलं.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ४.१२

मूळ प्रश्नावर या हो कोणीतरी. जुलै-ऑगस्टमध्येही समुद्र २६.५ च्या वर असतो असं वाचलं. तेव्हा वादळं का नाहीत?

मीठपाणी | मंगळवार, सायंकाळी ५.०५

हाच धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. कोकणासमोर तेव्हाही साधारण २८ असतात, बाष्प मुबलक, पण वादळ जवळजवळ होत नाही. कारण वर आहे. मान्सूनमध्ये खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर १२-१५ किलोमीटरवर त्याच्या उलट, पूर्वेकडून येणारा त्याहून जोरदार वारा.

उकडीच्या मोदकाचं पाहा. कळ्या सगळ्या मधोमध वर मिटल्या तर सारण आत राहतं. कोणी कळीचं टोक एका बाजूला ओढत राहिलं तर मोदक फाटून सारण बाहेर. वादळात मोकळी झालेली उष्णता मधल्या खांबात साठली तरच दाब उतरतो. वरचा वारा तो खांब पश्चिमेला ओढून नेतो, खालचं चक्र मागे राहतं, उष्णता विखुरते. खाली समुद्र ३१ असला तरी काही उपयोग नाही.

अपवाद होतात. २०२४ च्या ऑगस्टअखेर गुजरातच्या जमिनीवरचं डीप डिप्रेशन कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० तारखेला असना चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळ होण्याची वेळ १९७६ नंतर पहिल्यांदाच आली. तेही ओमानकडे जाता जाता विरलं.

उलटही घडतं. मार्च २००४ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला कटारीना धडकलं, तेव्हा तिथलं पाणी २६.५ च्या खालीच होतं. वरची हवा नेहमीपेक्षा गार होती आणि वर-खाली वाऱ्यात फरक थोडा होता. समुद्र आणि वरची हवा यांच्यातली तफावत पुरेशी असली की उंबरठाही ओलांडला जातो. म्हणून मी म्हटलं, समीकरणातून आलेला आकडा नाही.

श्रीवर्धनची_सुपारी | मंगळवार, रात्री ९.०१

डोकं गरगरलं, पण खूप कळलं. आता आमच्या नकाशाचं काय करू? भावाला फोन करून मूळ चित्र मागवलं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत `SST Anomaly` लिहिलंय आणि लाल रंगाच्या पट्टीवर +१.५ दिसतंय. ३१ हा आकडा चित्रात कुठेच नाही, तो खालच्या मजकुरात कोणीतरी लिहिलाय.

प्रज्ञा_गणेशखिंड | मंगळवार, रात्री ९.१४

बघा! हा तापमानाचा नकाशाच नाही. नेहमीपेक्षा किती जास्त, याचा नकाशा आहे. नेहमी २५ असणारं पाणी २६.५ झालं तरी याच लाल रंगात रंगणार आणि नेहमी ३० असणारं ३० च राहिलं तर पांढरं दिसणार. वादळाला दुसरं आवडेल, फॉरवर्डला पहिलं.

शिवाय "नेहमी" म्हणजे कुठली वर्षं, तेही बघा. काही नकाशे १९७१ ते २००० ची सरासरी धरतात, काही १९९१ ते २०२०. समुद्र मधल्या काळात तापलाय, त्यामुळे जुनी सरासरी धरली की तोच समुद्र आणखी लाल दिसतो.

श्रीवर्धनची_सुपारी | मंगळवार, रात्री ९.२२

१९७१-२००० लिहिलंय. आणि वेळ दुपारी २ ची.

मीठपाणी | मंगळवार, रात्री ९.४६

दुपारचे दोन! मे महिना, वारा पडलेला, आकाश निरभ्र. अशा दुपारी वरच्या मीटरभर पाण्यात दोन-तीन अंश नुसत्या उन्हाने चढतात आणि रात्री उतरून जातात. वादळासाठी ते पैसे खात्यात जमाच होत नाहीत. म्हणून वादळाच्या कामाला रात्रीचं किंवा पहाटेचं वाचन बघतात. दुपारचा एकच नकाशा कोणी दाखवला तर मी तो बाजूला ठेवते.

तुमच्या भावाला सांगा: समुद्र गरम आहे, दर मे महिन्यात असतो, आणि या वर्षी थोडा जास्त असेलही. पण आधी कुठे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय का, हे खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये पाहायचं. ते नसेल तर लाल समुद्र म्हणजे पेटवायला काडी नसलेली चूल. ते असेल, वर वाऱ्यांचा फरक कमी असेल आणि साठा खोल असेल, तर मात्र एकेक बुलेटिन वाचायचं, कारण मग जोर धरायला दीड-दोन दिवस पुरतात.

हर्णैचा_नातू | मंगळवार, रात्री १०.०३

आणि बंदरावर बावटा लागलाय का ते बघायचं. फयानच्या वेळी, नोव्हेंबर २००९ मध्ये, किती होड्या बाहेर राहिल्या ते आमच्याकडे अजून बोलतात. तेव्हा नकाशे कोणाच्या हातात नव्हते. आता हातात आहेत तर कोपरा कोणी वाचत नाही.

श्रीवर्धनची_सुपारी | बुधवार, सकाळी ८.३०

भावाशी बोललो. बुलेटिनमध्ये येत्या काही दिवसांत कमी दाबाचं काही दिसत नाही. पत्रे या आठवड्यातच बदलतोय, फक्त खिळ्यांऐवजी जे-हुक लावून घेतोय. त्याचं म्हणणं, "यंदा नाही आलं तरी कधीतरी येईलच की." यावर मी काही बोललो नाही.

तर्कशुद्ध | बुधवार, सकाळी ८.४१

माझंही तेच म्हणणं होतं.

जुना_पर्जन्यमापक | बुधवार, सकाळी ८.४३

नव्हतं. तुम्ही पत्रे बदलू नका म्हणालात.

गच्चीवरचा_माळी | बुधवार, दुपारी ३.१७

मी कालपासून वाचतोय. आज थर्मामीटर दोरीला बांधून टाकीत सोडला. वर ४२, तळाला ३४. मग बांबूने चांगलं ढवळलं, ३७ आलं सगळीकडे. आता झाडांना घालता येतं! ढवळायचं इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

मीठपाणी | बुधवार, दुपारी ३.४०

छान. वरचं ४२ किती वाजता घेतलंत, आणि थर्मामीटर किती बुडवला होता?

गच्चीवरचा_माळी | बुधवार, दुपारी ३.४४

अडीच वाजता. बोटभर.

मीठपाणी | बुधवार, दुपारी ३.४६

उद्या पहाटे पुन्हा घ्या.